मॉडच्या आतलं चिन्ह

अकरावीला आम्हाला लिमिट शिकवणाऱ्या सरांची एक सवय होती. गणितात मॉड दिसलं की ते आधी फळ्याच्या कोपऱ्यात आडवी संख्यारेषा ओढायचे. मॉडच्या आतली राशी जिथे शून्य होते तिथे खूण, आणि प्रत्येक तुकड्यावर अधिक किंवा उणे. वहीत ही रेषा नसेल तर उत्तर बरोबर असूनही सही मिळायची नाही. आम्हाला तो निव्वळ हट्ट वाटायचा.

मग एक दिवस त्यांनी हे दिलं: x → 2 असताना |x² − 5x + 6| / (x − 2) ची सीमा काढा. वर्गातल्या बहुतेकांनी धडाक्यात लिहिलं की 2 च्या उजवीकडे मॉड नुसतं काढून टाकायचं आणि डावीकडे उणे लावायचं. उजवी सीमा −1, डावी 1. दोन्ही वेगळ्या, म्हणून सीमा अस्तित्वात नाही. निष्कर्ष अगदी बरोबर, तरी सरांनी निम्मे गुण कापले.

आतल्या राशीचे अवयव (x − 2)(x − 3). 2 च्या आसपास x − 3 उणेच असतो, जवळपास −1. त्यामुळे 2 च्या जरा उजवीकडे पहिला अवयव अधिक, दुसरा उणे, म्हणजे गुणाकार उणे. मॉड काढताना उणे लावायचं ते इथे! उरतं −(x − 3), आणि उजवी सीमा येते 1. डावीकडे दोन्ही अवयव उणे, गुणाकार अधिक, उरतं x − 3, सीमा −1. पोरांची दोन्ही उत्तरं उलटी पडली होती. चिन्ह ठरवायचं ते आतल्या राशीचं. x कुठल्या बाजूला आहे एवढ्यावरून ते कळत नाही.

पडताळा सर तोंडीच घ्यायचे. x = 2.1 ठेवा: आत −0.09, मॉड 0.09, भागिले 0.1, आलं 0.9. शिवाय वर मॉड असल्याने अंश उणे होऊच शकत नाही, तेव्हा 2 च्या उजवीकडे −1 येणं अशक्यच. (हे उजवीकडचं चिन्हही 3 पर्यंतच टिकतं, पण सीमेला तेवढी जागा पुरे.) पुढच्या चाचणीत त्यांनी मुद्दाम फक्त उजवी सीमा विचारली. आता निष्कर्षाच्या आडोशाला लपायची सोय नव्हती.

यानंतर वर्ग दुसऱ्या टोकाला गेला. मॉड दिसलं की दोन बाजू मांडल्याच. तेव्हा सरांनी x → 3 असताना (|x − 5| − 2) / (x − 3) घातलं. 3 जवळ x − 5 हा −2 च्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे उणेच. |x − 5| च्या जागी 5 − x लिहा, अंश होतो 3 − x, उत्तर −1. बाजू वेगळ्या करायची गरजच नाही, कारण आतली राशी शून्य होते ती 5 ला, आणि आपण उभे आहोत 3 वर. हे त्या कोपऱ्यातल्या रेषेवर बघताक्षणी दिसायचं.