झिंक सल्फेट: सात रेणू पाण्याचा हिशेब

युरियानंतर या वेळी झिंक सल्फेट हाती घेतलं. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असलं तरी पिकाला सहज मिळत नाही, त्यामुळे हे खत इकडे ओळखीचं आहे. हिशेबात सगळ्यांत जास्त चूकही इथंच होते.

आधी साधं ZnSO₄ घ्या. जस्त ६५.३८, गंधक ३२.०६ आणि ऑक्सिजनचे चार अणू मिळून ६४, म्हणजे १६१.४४. यातलं जस्त ४०.५ टक्के. पण बाजारातल्या एका पिशवीवर २१ टक्के असतं, तर दुसरीवर ३३. यात फसवणूक नाही, फरक स्फटिकजलाचा आहे.

पहिल्या पिशवीत ZnSO₄·7H₂O असतं. मधल्या ठिपक्याला गुणाकार समजू नका, तो 'सोबत' असं सांगतो. पाण्याचे सात रेणू १२६.१०, म्हणून एकूण २८७.५४ ग्रॅम प्रति मोल आणि जस्त २२.७ टक्के. दुसऱ्या पिशवीत पाण्याचा एकच रेणू: १७९.४६, जस्त ३६.४ टक्के. पिशवीवरचा आकडा किमान हमीचा असतो, म्हणून तो शुद्ध क्षाराच्या आकड्यापेक्षा थोडा कमी दिसतो. एकरी १० किलो मात्रा पहिल्यासाठी सांगितलेली असेल तर जस्त २.१ किलो होतं. तेवढ्याच जस्तासाठी दुसरं ६.४ किलो पुरतं.

आता इथल्या उन्हाळ्याचं. ३९ अंशांच्या वर सात रेणूंचा क्षार एक रेणू सोडू लागतो. उघड्या पिशवीतल्या स्फटिकांवर पांढरी भुकटी दिसली की समजावं. सगळं सहा रेणूंवर आलं तर जस्त २४.३ टक्के होतं. जस्त वाढलेलं नसतं, वजन घटलेलं असतं.

हे तपासता येतं. काचेच्या बशीत ५.०० ग्रॅम घ्या आणि आधी ६० अंशांवर हळूहळू वाळवा. एकदम तापवलं तर क्षार आपल्याच पाण्यात वितळून उडतो. मग ११० अंशांवर ठेवा. बशी सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यात गार करून वजन करा, कारण गरम बशीवर काटा चुकतो आणि उघडी ठेवली तर क्षार दमट होतो. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत हे करत राहा. सहा रेणू जाऊन एक उरतो, तेव्हा ३.१२ ग्रॅम राहायला हवं. ३.३३ च्या जवळ राहिलं तर माल आधीच एक रेणू सोडून बसलेला आहे. ३.१२ पेक्षा कमी भरलं तर ओल आहे किंवा दुसरंच काही मिसळलंय. शेवटचा रेणू २०० अंशांच्या बऱ्याच वर निघतो, त्यामागे लागू नका.

मात्र वजनावरून धातू कळत नाही, आणि मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ या खतात नेहमीची. त्यासाठी द्रावणात कॉस्टिक सोडा थेंब थेंब घाला. पांढरा साका बसेल. सोडा जास्त झाल्यावर जस्ताचा साका विरघळतो, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.