ओसाकाचा थ्रीडीएस, नाशिकची कॅसेट

ओसाकात निप्पोनबाशी भागात डेनडेन टाउन नावाची बाजाराची ओळ आहे. तिथल्या जुन्या गेमच्या दुकानात कॅसेटला 'कासेत्तो'च म्हणतात, म्हणजे आपल्या लहानपणीचा शब्द तिथेही चालतो. गेल्या दिवाळीच्या आधी तिथूनच भाच्यासाठी वापरलेला निन्टेंडो थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, घेतला. 'जंक'च्या टोपलीतला नव्हता. जंक म्हणजे दुकानदार कशाचीच हमी देत नाही, परतही घेत नाही. मी तपासलेला, हमीवाला पीस घेतला. बिजागऱ्या घट्ट, पडदे स्वच्छ. स्वतःवरच खूश होतो.

नाशिकला इंदिरानगरमध्ये ताईच्या घरी पोचलो, तर भाचा दोन इंग्रजी कॅसेट घेऊन तयारच बसलेला. त्यातली थ्रीडीएसची 'पोकेमॉन एक्स' चालेचना. दुसरी 'हार्टगोल्ड', म्हणजे आधीच्या डीएसची, ती मात्र लगेच सुरू झाली. "मामा, ही बिघडलीय का?" बिघडलं काहीच नव्हतं, चूक माझी होती. साध्या डीएसच्या कॅसेटला देशाचं कुलूप नाही, थ्रीडीएसच्या कॅसेटला आहे. जपानी थ्रीडीएस जपानी कॅसेटच घेतो, आणि त्याचा मेनूही जपानीच राहतो. निन्टेंडोच्या नंतरच्या स्विच या यंत्रावर ही कटकट राहिली नाही.

आता कोणी जुना थ्रीडीएस विकत असेल तर पाठीमागचा स्टिकर पाहून थांबू नका. तिथे `CTR-001(JPN)` किंवा `(USA)` असं लिहिलेलं असतं खरं, पण या यंत्रांची बाहेरची कवचं सर्रास बदलली जातात. विकणाऱ्याला सेटिंग उघडायला सांगा आणि वरच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्याचा फोटो मागा. तिथे `11.17.0-50J` असा आकडा दिसतो. शेवटचं अक्षर J असेल तर जपान, U अमेरिका, E युरोप. स्टिकर एक सांगतो आणि अक्षर दुसरं, तर अक्षरावर विश्वास ठेवा, आणि कवच का बदललं तेही विचारा. चार्जरही बघा. त्यावर INPUT पुढे फक्त 100V असेल तर आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावायचा नाही. ज्यावर 100-240V लिहिलंय, तो चालतो.

मग लक्ष गेलं चालणाऱ्या कॅसेटकडे. ताईने ती ऑनलाइन, एका विक्रेत्याकडून घेतली होती, 'ओरिजिनल' म्हणून. प्लास्टिक राखाडी होतं. तिथेच खटकलं, कारण खऱ्या हार्टगोल्डची कॅसेट काळी असते. पोकेवॉकर नावाच्या छोट्या यंत्राशी बोलण्यासाठी तिच्यात इन्फ्रारेड बसवलेलं आहे, म्हणून तिचं प्लास्टिकही वेगळं. ती ट्यूबलाइटसमोर धरली की गडद लालसर झाक दिसते. आमची दिव्यापुढे धरली तर प्रकाश अजिबात आरपार येईना.

तरी खात्रीसाठी लेबल पाहिलं. पुढे `NTR-IPKE-USA` व्यवस्थित छापलं होतं. नकली बनवणारे एवढं तर करतातच. खरी परीक्षा पाठीमागे असते. पितळी पट्ट्यांच्या वर बारीक कोड असतो आणि त्याची सुरुवात पुढच्या कोडमधल्या IPKE या अक्षरांशी जुळायला हवी. आमच्यावर तिथे भलतीच अक्षरं होती. नकली कॅसेट सुरुवातीला नीट चालते, म्हणून माणूस फसतो. खेळून महिना झाला की एक दिवस सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, गायब. भाच्याचा तसा एकदा गेलाच होता, आणि घरात त्याचं खापर धाकट्या बहिणीवर फुटलं होतं! बिचारीची माफी मागायला लावली.

विकणाऱ्याकडे लेबलचा फोटो सगळेच मागतात. तुम्ही पाठीचा मागा, आणि हार्टगोल्ड असेल तर दिव्यासमोर धरलेलाही. टाळाटाळ झाली की सोडून द्या.

उरला प्रश्न 'एक्स'चा. तोडगा ओसाकाला परतल्यावर सापडला. पोकेमॉन एक्सच्या जपानी कॅसेटमध्येही इंग्रजी भाषा आहे. नवा खेळ सुरू करताना निवडायची असते. बहुतेक जपानी गेममध्ये ही सोय नसते, पण एक्स आणि तिच्या जोडीच्या वायमध्ये आहे. जपानी एक्स घेऊन ओळखीच्यांबरोबर धाडली. भाच्याला बजावलं होतं, भाषा नीट निवड. त्याने घाईत पहिलीच दाबली, ती जपानी. भाषा मागाहून बदलत नाही, सेव्हच पुसावा लागतो. रात्री साडेअकराला (माझ्याकडे पहाटेचे तीन) व्हिडिओ कॉलवर सांगितलं: शीर्षकाच्या पडद्यावर वरचा बाण, B आणि X एकत्र दाब. "मामा, आता विचारतोय काहीतरी." विचारलेलं जपानीत होतं. मी पडदा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला आणि 'हो' कुठलं ते वाचून दाखवलं.