आडसालीचा पैसा दीड वर्षाने येतो, हे बँकेला पटवताना

आमच्या वाळवा तालुक्यात आडसाली ऊस जुलैत लागतो आणि कारखान्याला जातो तो पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर, कधी कधी थेट संक्रांतीला. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. बँकेच्या छापील तक्त्यात मात्र ते बसत नव्हतं. त्यापायी जे हेलपाटे झाले, त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ठिबकसाठी मुदतीचं कर्ज हवं होतं. सातबारा, आठ-अ, कोटेशन, सगळं बिनबोभाट झालं. गाडी अडली ती जमाखर्चाच्या अंदाजपत्रकावर. लागण, खोडवा आणि निडवा धरून दरवर्षीचा खर्च आणि उत्पन्न आजच्या किमतीत आणून दाखवायचं होतं, दर 12 टक्के. यातलं तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. दीड वर्षाने मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, हे कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

पण तक्त्यात रकाने होते वर्ष 1, वर्ष 2, वर्ष 3. साहेबांनी "वर्ष 1"च्या रिकाम्या चौकटीवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "इथं उत्पन्न भरा."

"साहेब, पहिल्या वर्षी ऊस रानात उभा असतो. उत्पन्न कुठलं दाखवू?"

"मग वर्ष 2 मध्ये दाखवा. पण तसं केलं तर आकडा कमी येतो, प्रकरण वर जाणार नाही."

माझा एका एकराचा हिशोब असा होता. लागणीचा खर्च 70,000 रुपये. ऊस 60 टन, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 3,000 धरून 1,80,000 रुपये. हे उत्पन्न वर्ष 1 मध्ये टाकलं तर त्याची आजची किंमत साधारण 1,60,700 होते आणि वर्ष 2 मध्ये टाकलं तर 1,43,500. खरा पैसा येतो 18 महिन्यांनी आणि त्याची आजची किंमत आहे 1,51,900. म्हणजे दोन्ही रकाने चुकीचे. त्यातून पहिला हप्ताही बाराव्या महिन्याला लावलेला, तेव्हा तर उसाची मोळीसुद्धा बांधलेली नसते. प्रकरण परत येत राहिलं आणि दर वेळी तोच रकाना पुढे.

शेवटी मी वर्षांचा नाद सोडला आणि तारखा धरल्या. एक्सेलमधलं आजची किंमत काढायचं NPV हे सूत्र सगळे कालखंड सारखे धरतं आणि पहिली रक्कमही एक कालखंड पुढची समजतं. XNPV खऱ्या तारखा घेतं. A स्तंभात तारखा, B मध्ये रकमा, खर्च उणे:

```
=XNPV(0.12,B2:B5,A2:A5)
```

पहिली ओळ 15 जुलै, −70,000. दुसरी दीड वर्षानंतरचा 15 जानेवारी: लागणीचे 1,80,000 जमा, त्यातून खोडव्याचा खर्च 40,000 वजा. तिसरी त्याच्या पुढचा जानेवारी: खोडव्याचे 45 टन, म्हणजे 1,35,000, वजा निडव्याचे 40,000. चौथी आणखी वर्षाने: निडव्याचे 35 टन, 1,05,000. हा कागद शाखेतल्या वरच्या साहेबांसमोर ठेवला आणि त्यांनी पहिला हप्ता तोडणीनंतरच्या बिलाला लावून दिला. त्या दिवशी खरंच हायसं वाटलं.

तुमच्याही कामाची गोष्ट पुढेच आहे. निव्वळ आजची किंमत एकट्या लागणीला 82,000 येते, खोडव्यासह 1,50,000, निडव्यासह 1,90,000. एवढं बघून कुणीही निडवा ठेवेल. पण निडव्याने रान आणखी एक वर्ष अडतं. म्हणून ही रक्कम त्याच 12 टक्के दराने तितक्या वर्षांच्या सारख्या हप्त्यांत वाटून पाहायची. मग वर्षाला लागणीचे 62,800, खोडव्यासह 72,900 आणि निडव्यासह 69,700 पडतात. माझ्या रानात लागण आणि एक खोडवा हेच सरस. निडवा 39-40 टनांवर जाणार असेल तरच ठेवावा. त्याचा अंदाज खोडव्याच्या तोडणीनंतर बुडख्यांतून फिरलं की येतो. नांग्या फार दिसल्या, फुटवे बारीक आले, की तेवढं टनेज निघत नाही.

सांगायचं राहिलं, तोडणी 15 फेब्रुवारीच्या पुढे गेली तर खोडव्याचे 45 टन धरू नका. उशिरा राखलेला खोडवा उन्हाळ्यात मार खातो. आणि बिलाची तारीख तोडणीची धरू नका. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बिल 14 दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर 15 टक्के व्याजासह. आमचं बिल लांबलं, व्याज काही मिळालं नाही. लागणीचं बिल दोन महिने लांबलं की आजच्या किमतीत एकरी 2,800 रुपये जातात. म्हणून अंदाजपत्रकात तारीख टाका ती पैसा खात्यावर जमा होण्याची.