तुम्ही विचारलंत म्हणून: ईसीजी आणि रात्रीचा चार्जर

"तुमच्या घरी ईसीजीवालं घड्याळ होतं ना? मग तुम्ही स्वतः साधा बँड का घालता, आणि आम्ही नक्की काय घ्यावं?"

माझा बँड हा काटकसरीचा किंवा हौसेचा निर्णय नाही, हे आधी सांगतो. त्यामागे बाबांच्या आजारपणातले काही महिने आहेत.

बाबांना मधूनच धडधड होत असे, बहुतेक वेळा पहाटे, आणि ती काही मिनिटांत थांबत असे. दादाने त्यांच्यासाठी ईसीजी, रक्तातील ऑक्सिजन, त्वचेचे तापमान असे सगळे मोजणारे घड्याळ आणले, आणि तेव्हा मीही ठामपणे म्हणत होतो की जितके जास्त सेन्सर, तितके चांगले. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर ते जेमतेम दीड दिवस चाले. त्यामुळे झोपताना ते चार्जरला लावायचे आणि सकाळी घालायचे, असा क्रम आपोआप पडला. दिवसा बाबा बोट बटणावर ठेवून ३० सेकंद शांत बसत आणि घड्याळ दर वेळी 'सायनस रिदम' म्हणजे नेहमीचा ताल दाखवी. तो निकाल खोटा नव्हता. त्या ३० सेकंदांत ताल खरोखरच नीट होता. घड्याळातील ईसीजी आपण बोट ठेवू तेवढ्यापुरताच असतो, तो मागे राहून पहारा देत नाही.

एका पहाटे धडधडीने त्यांना जाग आली. घड्याळ बाहेरच्या खोलीत चार्जरवर होते. अंधारात उठून, ते काढून, पट्टा आवळून त्यांनी बोट ठेवले तोवर ठोके पूर्ववत झाले होते आणि पडद्यावर पुन्हा 'सायनस रिदम' उमटले. त्यामुळे ते निर्धास्त झाले आणि तपासणी लांबली. या गोष्टीचा मला आजही राग येतो. पुढे डॉक्टरांनी एक दिवसाचा होल्टर, म्हणजे अंगावर घालून हृदयाचा ताल सलग नोंदवणारे छोटे यंत्र, लावला, त्यातही काही सापडले नाही. छातीवर आठवडाभर चिकटवून ठेवलेल्या पॅचमध्ये मात्र पहाटेचे एट्रियल फिब्रिलेशन स्पष्ट दिसले. या अनियमित तालात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली.

आपोआप लक्ष ठेवण्याचे काम ईसीजीचे नसून घड्याळाच्या मागच्या हिरव्या दिव्यांचे असते. तो प्रकाश त्वचेतील रक्ताच्या प्रवाहावरून ठोक्यांमधील अंतर मोजतो, पण हात हलला की मोजणी बिघडते. म्हणून या सेन्सरला सर्वांत चांगले तास मिळतात ते झोपेचे, आणि नेमके तेच तास आम्ही चार्जरला देत होतो. शिवाय अशी सूचना एका मोजणीवर येत नाही. काही काळ घेतलेल्या अनेक मोजण्या अनियमित निघाल्या तरच ती येते, त्यामुळे थोड्या मिनिटांची धडधड घड्याळ रात्रभर हातावर असूनही निसटू शकते. एवढे मान्य केल्यावर, घड्याळ रात्री घातले असते तर सापडलेच असते, असा दावा मी करू शकत नाही.

दादाचे म्हणणे असे की दोष घड्याळाचा नव्हता, चार्जिंगच्या वेळेचा होता. हिशेब त्याच्या बाजूने आहे: ३६ तास चालणारी बॅटरी २४ तासांत सुमारे ६७ टक्के संपते, आणि तेवढी भर संध्याकाळी अंघोळीपासून जेवणापर्यंत पडू शकते. परंतु थकलेल्या माणसाने हा नेम रोज पाळावा, यावर मी बाबांची तब्येत सोपवणार नाही.

मला स्वतःला झोप आणि विश्रांतीतील ठोके पाहायचे असतात. फिरायला जाताना फोन खिशात असतोच, म्हणून मला वेगळे जीपीएस लागत नाही. बँडवर १४ दिवसांचा दावा होता, पण तो मोजकी कामे चालू ठेवून केलेला असतो. मी ठोक्यांची सतत मोजणी आणि झोपेची सविस्तर नोंद चालू केली, रात्रीचे ऑक्सिजन-मापन बंद ठेवले, आणि एका दिवसात किती टक्के उतरतात ते पाहिले: १२. म्हणजे आठ दिवस. परत करण्याची मुदत असेपर्यंत तुम्हीही हेच करा, पण ज्या गोष्टी खरोखर वापरणार त्या सर्व चालू ठेवून. धडधड होत असेल, तर ती कधी होते आणि किती वेळ टिकते हे लिहून आधी डॉक्टरांकडे जा, घड्याळ त्यानंतर.

बाबांसाठी आता काय घ्यावे, यावर आमचे अजून एकमत नाही. दादाला पुन्हा ईसीजीच हवा आहे, कारण धडधड सुरू असताना हाती आलेला आलेख डॉक्टरांना उपयोगी पडतो, आणि माझा बँड तो काढू शकत नाही.