तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्हीकडे पुढे, एकत्रात मागे

“सर, मुतखड्याच्या लहान खड्यांत ही पद्धत सरस, मोठ्या खड्यांतही हीच सरस. मग सगळे रुग्ण एकत्र केले की दुसरी कशी जिंकते ओ? बेरीज चुकली असंल की!”

बेरीज बरोबर आहे. बेळगावात संख्याशास्त्र शिकवताना मी हे उदाहरण घेतो, कारण मुतखडा आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आकडेवारी मात्र इंग्लंडमधली, 1986 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलेली. एक पद्धत म्हणजे पोट किंवा बाजू उघडून केलेलं जुनं ऑपरेशन. दुसरी म्हणजे पाठीत लहान छिद्र पाडून दुर्बिणीनं खडा काढणं. दोन्हींचे रुग्ण 350-350. उघड्या ऑपरेशनला 273 जणांत यश आलं, म्हणजे 78 टक्के. दुर्बिणीला 289 जणांत, म्हणजे 83 टक्के. दोन खांबांचा आलेख काढला की दुर्बीण जिंकली.

आता खड्याच्या आकारावरून रुग्ण वेगळे करा. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांत उघडं ऑपरेशन 87 पैकी 81 वेळा यशस्वी, दुर्बीण 270 पैकी 234 वेळा: 93 टक्के विरुद्ध 87. मोठ्या खड्यांत 263 पैकी 192 आणि 80 पैकी 55: 73 विरुद्ध 69. दोन्हीकडे उघडं ऑपरेशन वर.

आता चार खांबांचा आलेख काढला, तरी मुलांचा गोंधळ मिटत नाही. खांबाची उंची टक्केवारी सांगते, पण त्या खांबामागे 270 माणसं आहेत की 80, हे त्यात दिसत नाही. आणि उलटापालट नेमकी तिथंच होते. म्हणून मी खांब पुसून टाकतो आणि आलेखकागद घ्यायला लावतो.

आडव्या अक्षावर ‘मोठ्या खड्यांचा वाटा’ लिहा, 0 ते 100 टक्के. उभ्या अक्षावर यशाची टक्केवारी. उघड्या ऑपरेशनसाठी डाव्या टोकाला 93 वर ठिपका द्या, उजव्या टोकाला 73 वर, आणि सरळ रेघ ओढा. दुर्बिणीची रेघ 87 पासून 69 पर्यंत. दोन्ही रेघा उजवीकडे उतरतात, कारण मोठा खडा कुठल्याही पद्धतीला अवघडच. पण उघड्या ऑपरेशनची रेघ सगळीकडे वरच राहते, दोन्ही कुठेही छेदत नाहीत.

मग प्रत्येक पद्धत आपापल्या रेघेवर कुठं उभी होती ते बघा. उघड्या ऑपरेशनच्या 350 रुग्णांत 263 मोठ्या खड्यांचे, म्हणजे 75 टक्के. तो ठिपका पार उजवीकडे, उतारावर खाली, 78 वर येतो. दुर्बिणीकडे मोठे खडे फक्त 80, म्हणजे 23 टक्के. तिचा ठिपका डावीकडे, चढावर, 83 वर. एकत्रित आलेखानं वरच्या रेघेचा खालचा ठिपका आणि खालच्या रेघेचा वरचा ठिपका यांची तुलना केली होती. अवघड रुग्ण उघड्या ऑपरेशनकडे गेले होते, एवढीच गोष्ट.

दोघांना सारखंच काम दिलं असतं तर? सगळ्या 700 रुग्णांत मोठे खडे 343, म्हणजे 49 टक्के. तिथं आडव्या अक्षावर उभी पट्टी धरा. ती उघड्या ऑपरेशनची रेघ 83 च्या आसपास कापते, दुर्बिणीची 78 च्या. तेच दोन आकडे, मालक बदलून! मला हा योगायोग फार आवडतो.

यावरून जुनं ऑपरेशनच श्रेष्ठ असं मात्र म्हणू नका. मोठ्या खड्यांतला 73 आणि 69 चा फरक 80 रुग्णांच्या गटात नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. शिवाय रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळं आकाराखेरीज आणखी काही फरक दडलेला असू शकतो. आणि टाके, दुखणं, दवाखान्यातले दिवस या आलेखात कुठंच नाहीत.

यापुढचा प्रश्न बहुधा चिक्कोडी-निपाणीकडच्या उसवाल्या घरातला मुलगा विचारतो: “मग कायम गट पाडूनच बघायचं काय?” नाही. खड्याचा आकार पद्धत ठरण्याआधीच ठरलेला असतो, आणि डॉक्टर तो बघूनच पद्धत निवडतो, म्हणून तिथं गट पाडणं योग्य. उसाला खत घातलं की फुटवे वाढतात आणि त्यातून टनेज वाढतं. आता फुटव्यांच्या संख्येवरून शेतांचे गट पाडून खतवाल्या आणि बिनखताच्या उसाची तुलना केली, तर खताचा बराचसा फायदा गटांच्या भिंतीआड जातो आणि खत निरुपयोगी वाटतं. तिथं एकत्रित आकडाच खरा. जमिनीचं तसं नाही. खानापूरकडची तांबडी माती आणि अथणीकडची काळी खत टाकण्याआधीपासून तिथं आहे, आणि शेतकरी ती बघूनच खत ठरवतो. म्हणून मातीवरून गट पाडायचे, फुटव्यांवरून नाही.