कानशिलं ठणकतात ती नेमकी सकाळीच

सोलापुरात मार्च लागला की डोकेदुखीचं खापर उन्हावर फुटतं, उरलं तर पित्तावर. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात गणवेश शिवणाऱ्या 38 वर्षांच्या एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा ही दोन्ही निदानं त्यांच्या पदरात होती. तिसरं त्यांनी स्वतःच केलं होतं : "डावीकडची खालची दाढ काढून टाका डॉक्टर, तिच्यामुळंच कानशिलं ठणकतात."

मी आधी दुखण्याची वेळ विचारली. डोळे उघडतानाच दोन्ही कानशिलं दुखत असतात, जबडा आंबलेला असतो आणि दहा-अकरापर्यंत सगळं ओसरतं. ऊन सकाळी सहाला लागत नाही आणि दाढेतली नस सुजली तर ती सहसा एकाच बाजूला दुखते. रात्री काहीतरी राबतंय असा संशय इथंच आला. सोबत आलेल्या यजमानांनी तो पक्का केला. "रात्री दात खाते ओ. खोलीभर आवाज येतो." बाईंना हे मान्यच नव्हतं. झोपेत दात खाणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्याची साक्ष लागते.

पण दात खाणाऱ्या प्रत्येकाचं डोकं दुखत नाही. तेव्हा ही डोकेदुखी स्नायूंचीच आहे का, ते बोटांनी पडताळावं लागतं. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला एक स्नायू आहे, गालाच्या मागच्या भागात दुसरा. दातांवर दात घट्ट दाबले की दोन्ही बोटाखाली फुगतात. बोटाच्या टोकाने साधारण 1 किलोचा दाब द्यायचा आणि 5 सेकंद धरून ठेवायचा. किती जोर म्हणजे 1 किलो, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून शिकता येतं. दाबल्यावर नुसतं "दुखतंय" हे उत्तर पुरत नाही, मी विचारतो, "रोजचं दुखणं ते हेच का?" गालाचा मागचा भाग दाबून धरला तेव्हा कळ खालच्या दाढेत उतरली. कानशिलाच्या पुढच्या भागावर दाबताच बाई म्हणाल्या, "हेच की ओ, सकाळचं!"

तोंड त्या स्वतः 36 मिलिमीटर उघडू शकत होत्या, साधारणपणे 40 च्या वर उघडायला हवं. मी बोटांनी हलका ताण दिल्यावर ते 43 पर्यंत गेलं. म्हणजे अडथळा सांध्यात नव्हता, स्नायू आखडलेला होता. मावा-सुपारीने तोंड आवळतं तेव्हा गालाच्या आत पांढरट, टणक पट्टे हाताला लागतात आणि ताण देऊनही तोंड फारसं उघडत नाही. इथे तसं काही नव्हतं. गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी कड होती, सुळे घासून सपाट आणि चकचकीत झाले होते. पुढच्या एका दाताला छोटी खाच होती, पण तिचा रात्रीशी संबंध नव्हता. दोरा दाताने तोडायची सवय होती. दाढेवर थंड पाणी लावलं तर कळ यायची आणि लगेच जायची, ठोकल्यावर दुखत नव्हतं, एक्स-रेही स्वच्छ होता. दाढ काढायचं काहीच कारण नव्हतं.

घोरणं, दिवसा पेंगणं, नव्याने सुरू झालेली नैराश्याची गोळी हे विचारून घेतलं, कारण तिन्हींचा दात खाण्याशी संबंध असू शकतो. तिन्हींना उत्तर "नाही" असंच आलं. वय पन्नाशीच्या पुढे असतं, कानशिलाला नुसता हात लावला तरी दुखतं, चावताना जबडा थकतो किंवा नजर धूसर होते असं सांगितलं असतं, तर मी दातांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं असतं. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येते त्या आजारात दृष्टी कायमची जाऊ शकते.

बाई रोज सकाळी डोकेदुखीची गोळी घेत होत्या, ते मात्र महत्त्वाचं निघालं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, सलग तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवू शकते. ती थांबवली. पहिले काही दिवस डोकं जास्त धरेल, हेही आधीच सांगितलं, नाहीतर माणूस घाबरून पुन्हा गोळीवर जातो.

उपचारात रात्री दातांवर घालायची प्लेट नंतर आली, दिवसाची सवय आधी. शिवताना त्या दात घट्ट आवळून बसायच्या. खरं तर जेवण आणि गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात दिवसभर एकमेकांना टेकायची गरजच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे हलकं टेकलेलं, अशी जबड्याची बैठक त्यांना शिकवली. आठवण राहावी म्हणून बॉबिन बदलताना दर वेळी दात सुटे आहेत का ते बघायला सांगितलं. रात्री झोपण्याआधी कोमट ओला टॉवेल गालावर आणि कानशिलावर 10 ते 15 मिनिटं. कडक भाकरी काही आठवडे बंद. यावर चेहरा पडला, पण मऊ भाकरी आमटीत कुस्करून खायला त्या तयार झाल्या.

प्लेट वरच्या सगळ्या दातांवर बसणारी, कडक, पारदर्शक ॲक्रिलिकची केली, दाढांमध्ये सुमारे 2 मिलिमीटर जाडीची. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी त्यांनी आधी आणली होती. मऊ पट्टीवर काहीजण जास्तच चावतात. फक्त पुढच्या दातांवर बसणारी प्लेटही मी टाळतो, कारण बराच काळ वापरली तर दाढा सरकून चावाच बदलू शकतो.

खरं काम प्लेट बसवताना असतं. ती डुगडुगता कामा नये. मग रंगीत कागद चावायला देऊन खालच्या सगळ्या दाढांच्या खुणा सारख्या उमटेपर्यंत ती घासायची. दुसऱ्या रंगाच्या कागदावर जबडा बाजूला सरकवला की फक्त सुळ्याची रेघ उठली पाहिजे, दाढेची उठली तर तिथे पुन्हा घासायचं. स्नायू सैल पडले की जबडा किंचित जागा बदलतो, म्हणून आठवड्याने परत बोलावून तेच करावं लागतं. हे टाळलं की प्लेट एका बाजूला टोचते आणि डब्यात जाते. घासायची ती प्लेट, दात नव्हेत. चावा जुळवण्यासाठी चांगले दात घासू देऊ नयेत. प्लेट साबणाने धुवायची, गरम पाण्यात टाकली तर वाकते.

दीड महिन्याने सकाळचं डोकं आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दुखत होतं, तोंड 42 पर्यंत उघडत होतं. यजमानांची तक्रार मात्र कायम होती, आवाज अजून येतो म्हणून. येणारच. प्लेटवर उजव्या सुळ्यासमोर ताजे ओरखडे दिसत होते. प्लेट दात वाचवते, स्नायूंवरचा ताण बऱ्याचदा उतरवते, दात खाणं बंद करेलच असं नाही.

जाता जाता बाईंनी विचारलं, सात वर्षांचा मुलगाही दात खातो, जंताचं औषध देऊ का? दात खाणं हे जंतांचं लक्षण धरून चालत नाही आणि दुधाचे दात पडायच्या वयात प्लेट द्यायची नसते. बहुतेक मुलांचं हे वयाबरोबर कमी होतं. मी एवढंच विचारलं, तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? "दोन्ही," यजमान म्हणाले. मग टॉन्सिल आणि नाकामागची गाठ तपासायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.