बेरजेतले ७१ पैसे

आमच्या संस्थेच्या शाखांकडून दर महिन्याला देणग्यांची गूगल शीट येते. पावतीपुस्तकावरून शाखेतलंच कुणीतरी ती टाइप करतं आणि मुख्य कार्यालयात आम्ही सगळ्या शाखा एकत्र करून रजिस्टरशी ताळा जमवतो. गेल्या महिन्यात एका शाखेच्या रजिस्टरची बेरीज होती ६,४२,३५० आणि शीट दाखवत होती ६,४१,८७२.७१. माझ्या सहकाऱ्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "चारशे सत्त्याहत्तरचा फरक आहे, एखादी पावती टाइप करताना चुकली असेल. तफावतीत टाकू."

मला फरकापेक्षा ते ७१ पैसे खटकले. त्या शाखेत पैशांत देणगी कुणीच देत नाही. ५०१, ११००, २१०० असे पूर्ण रुपये असतात. सगळे आकडे पूर्ण असताना बेरजेत पैसे येतातच कुठून?

रकमेचा रकाना प्रत्येकाने आपापल्या सवयीने भरलेला होता. त्यातल्या सहा ओळी जशाच्या तशा देते:

```
Rs.501/-
Rs. 2,100/-
रु. ११००/-
Rs. 12,750.00
₹5,000/-
1250=00
```

अशा रकमा शीटच्या लेखी आकडे नसतात, मजकूर असतो. `SUM` मजकूर गुपचूप वगळतं, तक्रार करत नाही. म्हणून सहकाऱ्याने शेजारच्या रकान्यात आकडे काढून घेणारं सूत्र लावलं होतं. ते गेली काही वर्षं सगळ्या शाखांच्या शीटमध्ये आहे:

```
=IFERROR(VALUE(REGEXREPLACE(B2,"[^0-9.]","")),0)
```

म्हणजे अंक आणि दशांशाचा टिंब ठेवा, बाकी सगळं पुसा, आणि जमलं नाही तर शून्य लिहा. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण `Rs.` मधला टिंबही टिंबच असतो. `Rs.501/-` पुसून उरतं `.501`, म्हणजे एक रुपयाही नाही. `Rs. 2,100/-` चे होतात २१ पैसे. दोनच दशांश दाखवायची मांडणी असल्यामुळे पहिल्याचं ०.५० दिसतं आणि तिसरा अंक डोळ्यांआड जातो. `Rs. 12,750.00` मध्ये दोन टिंब उरतात, तो आकडाच होत नाही, मग शून्य. `रु. ११००/-` मधले देवनागरी अंक `0-9` मध्ये बसत नाहीत, तेही पुसले जातात, एकटा टिंब उरतो, पुन्हा शून्य.

सगळ्यांत घातक शेवटची ओळ. रुपये आणि पैशांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह काढायची जुन्या हिशेबनिसांची पद्धत आहे. ते चिन्ह पुसलं की १२५० चे थेट १,२५,००० होतात.

सहा ओळींची खरी बेरीज २२,७०१. सूत्राची बेरीज १,३०,०००.७१. पूर्ण शीटमध्ये मात्र `Rs.` वाल्या ओळींनी गिळलेली रक्कम आणि या एका ओळीने फुगवलेली रक्कम एकमेकांना जवळजवळ फिटल्या होत्या. लाखाच्या वरच्या दोन चुका होत्या आणि वर दिसत होता पाचशेच्या आतला फरक.

इथे मला त्या `IFERROR` बद्दल बोलायचंच आहे. पैशाच्या रकान्यात न वाचता आलेल्या रकमेला शून्य लिहिणं म्हणजे पावती फाडून टाकणं. लाल खुणेची त्रुटी दिसायला वाईट असेल, पण ती निदान कोणती ओळ बघायची ते सांगते. शीट नीटनेटकी दिसावी या हट्टापायी आमच्याकडे ते वर्षानुवर्षं लपवलं गेलं.

मी `IFERROR` काढून काढलेला रकाना चढत्या क्रमाने लावला. वर एका रुपयाच्या आतल्या ओळींची रांग लागली, खाली १,२५,००० एकटा, आणि न वाचता आलेल्या ओळी वेगळ्या. मग सूत्राची दिशाच बदलली. नको ते पुसत बसण्याऐवजी पहिला अंक जिथे येतो तिथून रक्कम उचलायची. त्यामुळे `Rs.` चा टिंब आपोआप बाहेर राहतो आणि शेवटचं `/-` ही.

```
=VALUE(SUBSTITUTE(REGEXEXTRACT(SUBSTITUTE(B2&"","=","."),"[0-9][0-9,]*(?:\.[0-9]+)?"),",",""))
```

`B2&""` यासाठी, की काही जण साधा आकडाही टाकतात आणि `REGEXEXTRACT` ला मजकूरच लागतो. देवनागरी अंकांवर हे सूत्र त्रुटी देतं आणि ती मला हवीच आहे. रकान्याची प्रत काढून त्यात एकेक अंक शोधून बदलला की काम होतं. उणे चिन्ह मात्र हे सूत्र वाचत नाही. ते मुद्दाम ठेवलं आहे, कारण लोक `Rs-500/-` असंही लिहितात आणि ती रक्कम उणे नसते. परत आलेल्या चेकच्या ओळी मी वेगळ्या रकान्यात घेते. एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांनी शेवटच्या रेघेला आणखी जपावं. फक्त `/` काढून `500-` ठेवलं आणि Text to Columns चालवलं, तर तिथे Trailing minus for negative numbers ही खूण आधीपासूनच लावलेली असते आणि देणगी उणे होऊन बसते.

नव्या सूत्राने बेरीज आली ६,३१,१००. पैसे गेले, पण फरक वाढून ११,२५० झाला. सहकारी म्हणाला, "आधीचंच बरं होतं की!" पण ११,२५० ला नवाने भाग जातो आणि भागाकार येतो १,२५०. फरक नवाने विभाज्य असला की शून्य घसरलंय का किंवा अंकांची अदलाबदल झालीय का ते बघायचं, हे हिशेबात मुरलेल्या कुणालाही माहीत असतं. शीटमध्ये १२५० शोधलं. एक `1250=00` वाली ओळ, ती बरोबर होती. दुसरी ओळ मूळ रकान्यात अशी होती:

```
12,50/-
```

स्वल्पविराम काढला की १२५०. पण हा स्वल्पविराम १,२५० मधला जागा चुकलेला, की १२,५०० मधलं शून्य राहिलेलं, हे कोणतंच सूत्र सांगू शकत नाही. शाखेला फोन करून पावतीची स्थळप्रत मागवली. अक्षरी लिहिलं होतं, बारा हजार पाचशे फक्त. ताळा जमला.

आता मूळ रकान्याला हात लावायचा नाही असं ठरवून घेतलंय, कारण स्वल्पविरामाची जागा हा तिथे उरलेला एकमेव पुरावा असतो. शेवटच्या स्वल्पविरामानंतर बरोबर तीन अंक नसतील ती ओळ आधी स्थळप्रतीशी पडताळते.

शाखेच्या खजिनदार काकांना मी म्हटलं, फक्त आकडा टाका. त्यांना ते पटेना. "`/-` नसेल तर पुढे कुणीही अंक वाढवेल हो." कागदावर त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, ते चिन्ह त्यासाठीच आहे. म्हणून त्यांच्या रकान्याला मी ही मांडणी लावून दिली, आणि आकड्याशिवाय दुसरं काही टाइपच होऊ नये अशी अटही:

```
[>=100000]"₹ "##\,##\,##0"/-";"₹ "##,##0"/-"
```

ते `1100` टाकतात, दिसतं `₹ 1,100/-`, आणि आत आकडा आकडाच राहतो. एक कोटीच्या खालच्या रकमांना हे पुरतं.

जुन्या शीट मात्र अजून तशाच आहेत. दोन शाखांच्या मागच्या वर्षीच्या बेरजांत मला पूर्ण रुपयांच्या देणग्यांवर पैसे दिसले आहेत आणि दोन्हीकडचा किरकोळ फरक तफावतीत टाकून वर्ष बंद केलेलं आहे. त्यांची पावतीपुस्तकं मी मागवली आहेत.